एका महिन्याचा हप्ता फोडून बघणे: IPMT आणि PPMT च्या कामाच्या नोंदी

६ सप्टेंबर २०२५

काम ताईच्या घरकर्जाचं आहे. कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षं म्हणजे २४० हप्ते, व्याजदर सुरुवातीला ८.५ टक्के, फ्लोटिंग. पैसे १ मार्च २०२३ ला मिळाले, पहिला हप्ता १ एप्रिल २०२३ ला गेला, आणि दर महिन्याच्या १ तारखेला २६,०३५ रुपये कापले जातात. कर्ज मंजूर झालं तेव्हा बँकेने हप्त्यांचा एक छापील तक्ता दिला होता, तो फाईलला लावलेला आहे.

आता प्रॉब्लेम असा झालाय की भाऊजींनी बँकेचं स्टेटमेंट आणि तो तक्ता शेजारी शेजारी ठेवून बघितला. तक्त्यात ऑगस्ट २०२५ च्या म्हणजे २९ व्या हप्त्यापुढे व्याज २०,२०४ आणि मुद्दल ५,८३० आहे. स्टेटमेंटमध्ये त्याच हप्त्याला व्याज १७,८१६ आणि मुद्दल ८,२१९. बेरीज दोन्हीकडे २६,०३५ च येते (एखाद्या रुपयाचा फरक धरू नका). भाऊजींचं म्हणणं, "हप्ता तोच, मग आतली वाटणी कशी बदलली? आणि बरोबर कुठली?" प्रश्न एकदम रास्त आहे आणि उत्तर तोंडी देऊन समाधान होणार नाही, म्हणून एक्सेलमध्ये अशी शीट करायची ठरवली की महिना टाकला की त्या महिन्याचं व्याज आणि मुद्दल वेगळं दिसेल आणि ते स्टेटमेंटशी जुळेल. स्टेटमेंटशी जुळणं हीच परीक्षा, नुसता आकडा येणं नाही.

आजची मांडणी साधी. B1 मध्ये कर्जाची रक्कम, B2 मध्ये वार्षिक दर (8.5% असा टक्क्याच्या चिन्हासकट), B3 मध्ये एकूण महिने, B4 पहिल्या हप्त्याची तारीख, B5 मध्ये हव्या त्या हप्त्याची तारीख. खाली:

```
B6: =DATEDIF(B4,B5,"m")+1
B7: =IPMT(B2/12,B6,B3,-B1)
B8: =PPMT(B2/12,B6,B3,-B1)
```

B6 मध्ये हप्त्याचा नंबर निघतो, B7 मध्ये व्याज, B8 मध्ये मुद्दल. B1 च्या आधी वजा का, तर ही फंक्शन्स पैसा आत आला की अधिक आणि बाहेर गेला की वजा धरतात, कर्ज अधिक लिहिलं तर हप्त्याचे दोन्ही भाग वजा येतात आणि लाल रंगात दिसतात. चुकीचं काही नसतं पण पुढे बेरजा करताना घोळ होतो म्हणून सुरुवातीलाच वजा लावून टाकलेलं बरं.

७ सप्टेंबर २०२५

आज फक्त तपासणी. पहिल्या हप्त्याचं व्याज तर पाटीवरसुद्धा काढता येतं: ३० लाखांचे साडेआठ टक्के म्हणजे वर्षाचे २,५५,०००, भागिले १२ म्हणजे २१,२५०. शीटमध्ये महिना नंबर १ टाकला, IPMT ने २१,२५०.०० दिलं, PPMT ने ४,७८४.७०. बेरीज २६,०३४.७०. बँक हाच आकडा वरच्या रुपयाला नेऊन २६,०३५ घेते.

इथे एक गोष्ट नीट लिहून ठेवतो कारण पुढे कुणी करत असेल तर इथेच फसेल. बऱ्याच जणांचा पहिला गोंधळ दराला १२ ने भागायचं राहून जातं तो, पण तो लगेच पकडला जातो कारण पहिल्याच महिन्याचं व्याज २,५५,००० येतं, म्हणजे अख्ख्या वर्षाचं. दुसरा गोंधळ जास्त वाईट आहे. B3 मध्ये २४० च्या जागी २० (वर्षं) लिहिलं तर काय होतं ते मुद्दाम करून बघितलं. पहिल्या महिन्याचं व्याज तरीही २१,२५० च येतं! कारण पहिल्या महिन्याच्या व्याजाचा मुदतीशी संबंधच नाही, ते फक्त रक्कम आणि दर यांवर ठरतं. म्हणजे नुसतं IPMT तपासून "हो, बरोबर आहे" म्हणून पुढे गेलं की संपलं. PPMT मात्र लगेच बोंबलतं, मुद्दल १ लाख ४० हजाराच्या आसपास दाखवतं, कारण त्याला वाटतं ३० लाख २० महिन्यांत फेडायचे आहेत. आणि २९ वा महिना मागितला तर #NUM! येतं कारण त्याच्या लेखी २० च महिने आहेत.

त्यामुळे तपासणी दोन्हींची करायची, आणि व्याज अधिक मुद्दल खरोखर बँकेच्या हप्त्याएवढं येतंय का ते बघायचं. बेरीज हप्त्याशी जुळली की रक्कम, दर, मुदत हे तिन्ही बरोबर भरलेत एवढं तरी नक्की होतं.

शेवटी अजून एक आर्ग्युमेंट असतं, हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की शेवटी याचं. ते रिकामं सोडलं. तिथे १ टाकलं तर पहिल्या हप्त्याचं व्याज शून्य येतं, कारण पैसे घेतल्या घेतल्या त्याच दिवशी हप्ता भरला असं धरलं जातं. आपल्याकडच्या घरकर्जात पैसे मिळाल्यावर महिन्याने पहिला हप्ता जातो, त्यामुळे ते रिकामंच हवं.

१० सप्टेंबर २०२५

शीट भाऊजींना पाठवली, त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतः सगळं परत टाइप केलं (त्यांना स्वतः केल्याशिवाय पटत नाही आणि मला ते आवडतं). संध्याकाळी फोन, "माझ्याकडे ऑगस्टचं व्याज २०,३६७ येतंय, तुझ्याकडे २०,२०४ आहे, एकच फॉर्म्युला आणि दोन उत्तरं कशी?"

बराच वेळ फॉर्म्युल्यातच शोधत बसलो. शेवटी B6 कडे लक्ष गेलं, त्यांच्याकडे हप्त्याचा नंबर २५ दिसत होता, २९ नाही. कारण तारखा. त्या कॉम्प्युटरवर विंडोजची रीजन सेटिंग अमेरिकेची होती, तिकडे आधी महिना मग दिवस. त्यांनी 01/04/2023 टाइप केलं ते एक्सेलने ४ जानेवारी २०२३ समजलं, आणि 01/08/2025 म्हणजे ८ जानेवारी २०२५ समजलं. मधले पूर्ण महिने २४, अधिक एक, २५. एरर काही नाही, आकडा अगदी शहाण्यासारखा, जुना दर धरून २५ व्या हप्त्याचं व्याज २०,३६६.७७ हे बरोबरच आहे, फक्त महिना भलताच.

दिवस १२ च्या आत असेल तरच हे होतं. तारीख २५ असती तर एक्सेलला ती महिना म्हणून वाचता आली नसती, सेलमध्ये मजकूर म्हणून डावीकडे चिकटली असती आणि पुढे #VALUE! आलं असतं. हप्ते बहुतेकांचे १, ५ नाहीतर १० तारखेला असतात, म्हणजे नेमके धोक्याच्या पट्ट्यात.

उपाय म्हणून आता तारीख टाइप करायचीच नाही असं ठरवलं, सेलमध्ये सरळ असं लिहायचं:

```
B4: =DATE(2023,4,1)
B5: =DATE(2025,8,1)
```

आणि त्या सेलला महिन्याचं नाव दिसेल असा फॉरमॅट द्यायचा, म्हणजे 01-Aug-2025. नंतर रीजन सेटिंग भारताची करून घेतली तरी आधी टाइप केलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत, त्या आतून जानेवारीच असतात, परत टाकाव्या लागतात.

१३ सप्टेंबर २०२५

आता मूळ प्रश्न. दोन्ही कॉम्प्युटरवर २९ व्या हप्त्याचं व्याज २०,२०४.४६ आणि मुद्दल ५,८३०.२३ येतंय. म्हणजे आपली शीट बँकेच्या जुन्या छापील तक्त्याशी पैशापर्यंत जुळतेय आणि स्टेटमेंटशी अजिबात जुळत नाहीये. व्याजात २,३८८ रुपयांचा फरक.

कारण उघड आहे, दर बदललाय. ताईचं कर्ज रेपो दराला जोडलेलं आहे, रेपो अधिक दोन टक्के. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग घरकर्जं अशा बाहेरच्या दरालाच जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर रिसेट करावा लागतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये फेब्रुवारीत रेपो पाव टक्का कमी केला, एप्रिलमध्ये अजून पाव, जूनमध्ये एकदम अर्धा, साडेसहाचा साडेपाच झाला. ताईच्या कर्जात रिसेट १ एप्रिल आणि १ जुलैला झाला: आधी ८.५ चा ८.२५, मग ७.५. हप्ता मात्र बँकेने २६,०३५ च ठेवला, त्याऐवजी मुदत कमी केली.

भाऊजींनी पहिल्यांदा जे केलं ते कुणीही करेल, B2 मध्ये 8.5% च्या जागी 7.5% टाकलं. उत्तर आलं व्याज १७,७१७, मुद्दल ६,४५०. आणि ते म्हणाले "आलं की जवळपास, शंभर रुपयांचा फरक, राउंडिंगचा असेल". हे नाही पटलं. व्याजात शंभराचा फरक आहे पण मुद्दल बघा, ६,४५० आणि स्टेटमेंटमध्ये ८,२१९, जवळजवळ १,८०० चा फरक. आणि बेरीज २४,१६८ येते, २६,०३५ नाही. म्हणजे आपण ठरवलेली बेरजेची परीक्षाच नापास.

असं का होतं ते नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे. IPMT ला इतिहास माहीत नसतो. त्याला तुम्ही दर, मुदत आणि मूळ रक्कम देता आणि ते धरून चालतं की पहिल्या दिवसापासून हाच दर होता आणि हप्ताही त्याच दराने ठरलेला होता. ७.५ टाकलं की ते म्हणतं २०२३ पासून ७.५ ने २४,१६८ चा हप्ता चालू आहे, २९ व्या महिन्याला शिल्लक किती असेल ते काढतं आणि त्यावर व्याज लावतं. ती शिल्लक काल्पनिक आहे. खऱ्या शिलकीच्या जवळपास येते म्हणून व्याज जवळपास येतं, पण हप्ता दुसराच असल्याने मुद्दल पूर्ण वेगळं.

१४ सप्टेंबर २०२५

तोडगा असा: दर बदलला की त्या दिवसापासून नवीन कर्ज सुरू झालं असं समजायचं. रक्कम म्हणजे त्या दिवशीची शिल्लक मुद्दल, दर नवीन, आणि महिना नंबर परत १ पासून. जुनं कर्ज तिथे संपलं. त्यामुळे शीटमध्ये एका ओळीऐवजी टप्प्यांचा छोटा तक्ता केला, १२ व्या ओळीपासून, कॉलम असे: A मध्ये हा टप्पा कितव्या हप्त्यापासून, B मध्ये दर, C मध्ये टप्प्याच्या सुरुवातीची शिल्लक, D मध्ये हप्ता, E मध्ये उरलेले महिने.

पहिला टप्पा: हप्ता १ पासून, ८.५ टक्के, ३०,००,०००, हप्ता २६,०३५.
दुसरा: हप्ता २६ पासून, ८.२५ टक्के, २८,६९,६३३, हप्ता तोच.
तिसरा: हप्ता २९ पासून, ७.५ टक्के, २८,५०,५८४, हप्ता तोच.

हप्त्याचा नंबर ठरवताना जरा थांबा. दर १ एप्रिल २०२५ ला बदलला आणि १ एप्रिलला गेलेला हप्ता २५ वा. पण त्या हप्त्यातलं व्याज मार्च महिन्याचं असतं, जुन्या दराने. नवीन दर पहिल्यांदा दिसतो तो १ मे च्या हप्त्यात, म्हणजे २६ व्या. तसंच १ जुलैचा रिसेट २९ व्या हप्त्यात म्हणजे १ ऑगस्टला दिसतो. हे एका महिन्याने मागेपुढे झालं की त्या एका हप्त्याची वाटणी चुकते आणि तिथून पुढच्या सगळ्या शिलका थोड्या थोड्या सरकतात.

शिल्लक शक्यतो स्टेटमेंटवरून घ्या. ती नसेल तर काढता येते:

```
C13: =FV(B12/12,A13-A12,D12,-C12)
```

याने २८,६९,६३२.५२ येतं. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये २८,६९,६३३ आहे, कारण तिथे प्रत्येक ओळ रुपयात गोल केलेली असते. अडीच वर्षांत एक-दोन रुपयांचा फरक पडला तर तो सोडून द्यायचा, शंभरचा पडला तर नाही सोडायचा.

आता अडचण अशी की IPMT ला हप्ता सांगताच येत नाही, त्याला मुदत लागते आणि हप्ता ते स्वतः काढतं. आणि इथे हप्ता बँकेने ठरवलेला आहे, मुदत बदलतेय. त्यावर उपाय म्हणून E कॉलममध्ये मुदत उलटी काढली:

```
E12: =NPER(B12/12,D12,-C12)
```

हे खाली ओढलं. तिसऱ्या टप्प्यात १८५.०६ आलं. अपूर्णांक बघून दचकू नका आणि त्याला गोल तर अजिबात करू नका. १८५ किंवा १८६ केलं की IPMT आतून हप्ता थोडा वेगळा धरतं आणि मुद्दल काही रुपयांनी चुकतं. अपूर्णांक तसाच दिला की हप्ता बरोबर २६,०३५ येतो. (शेवटच्या अर्धवट हप्त्यासाठी मात्र या शीटवर विसंबू नये, तो हप्ता बँक जेवढी शिल्लक असेल तेवढाच घेते.)

मग B7 आणि B8 असे बदलले की दिलेल्या हप्त्याच्या नंबरावरून टप्पा आपोआप निवडला जावा. आधी तीन मदतीचे सेल:

```
G1: =MATCH(B6,A12:A14,1)
G2: =INDEX(A12:A14,G1)
G3: =INDEX(E12:E14,G1)
B7: =IPMT(INDEX(B12:B14,G1)/12,B6-G2+1,G3,-INDEX(C12:C14,G1))
```

B8 मध्ये तेच, फक्त PPMT. MATCH मध्ये शेवटी 1 आहे त्यामुळे A कॉलम चढत्या क्रमाने असलाच पाहिजे, मध्ये ओळ घुसडताना हे लक्षात ठेवा.

ऑगस्ट २०२५ टाकलं. व्याज १७,८१६.१५, मुद्दल ८,२१८.८५, बेरीज २६,०३५. स्टेटमेंट १७,८१६ आणि ८,२१९. जुळलं! लगेच मे, जून, जुलैही टाकून बघितले: व्याज १९,७२८.७३, १९,६८५.३७, १९,६४१.७२. तिन्ही स्टेटमेंटशी जुळले. फार बरं वाटलं, कारण आता भाऊजींना दाखवता येतं की जुना तक्ता चुकीचा नव्हता आणि बँकही चुकीची नाही, तक्ता जुन्या दराचा आहे एवढंच.

२० सप्टेंबर २०२५

ताईने विचारलं की बँकेने मुदत कमी न करता हप्ता कमी केला असता तर? दर बदलला की हप्ता बदलायचा, मुदत बदलायची की दोन्ही थोडं थोडं, हे विचारायचा हक्क कर्जदाराला आहे, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये तसे निर्देश दिलेत. शीटमध्ये करून बघितलं: तिसऱ्या टप्प्यात मूळ मुदतीतले उरलेले २१२ महिने ठेवले आणि PMT ने हप्ता काढला तर तो २४,३०३ च्या आसपास येतो. ऑगस्टची वाटणी मग व्याज १७,८१६ आणि मुद्दल ६,४८६.

व्याज दोन्हीकडे एकच आहे ते बघा. निवडलेल्या महिन्याचं व्याज फक्त त्या महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक आणि दर यावर ठरतं, हप्ता कितीही असो. हप्ता फक्त मुद्दलाचा वाटा ठरवतो. फरक दिसायला लागतो तो पुढच्या महिन्यापासून, कारण तिथे शिल्लक वेगळी असते. ताईला हप्ता तोच ठेवलेला पटला, अशाने कर्ज २४० ऐवजी साधारण २१३ व्या हप्त्याला संपतंय, दर असाच राहिला तर.

यावरून एक क्रॉसचेकही मिळाला जो IPMT शिवाय चालतो, आता तो शीटच्या कोपऱ्यात कायमचा ठेवलाय. टप्प्यातला कितवाही महिना असो, त्याआधीची शिल्लक FV ने काढायची आणि तिला महिन्याच्या दराने गुणायचं:

```
=FV(7.5%/12,29-29,26035,-2850584)*7.5%/12
```

२९ व्या हप्त्यासाठी मधला आकडा शून्य, ३० व्यासाठी 30-29. हे आणि IPMT एकच आलं पाहिजे, नाहीतर E कॉलममध्ये काहीतरी गडबड आहे.

२७ सप्टेंबर २०२५

शेजारच्या काकांनी त्यांचं स्टेटमेंट आणलं, त्यांच्या गाडीचं कर्ज दुसऱ्या बँकेचं. दर बदललेला नाही, टप्पा एकच, तरी शीट जुळेना. फरक कधी अधिक कधी वजा, आणि फेब्रुवारीच्या व्याजात सगळ्यात मोठा.

व्याजाचा कॉलम वरून खाली वाचला तेव्हा कळलं. नेहमीच्या कर्जात दर महिन्याला व्याज थोडं थोडं कमी होत जातं, एकाच दिशेने. यांच्याकडे ते वरखाली होत होतं: ३१ दिवसांच्या महिन्यात जास्त, ३० च्या कमी, फेब्रुवारीत एकदम खाली. म्हणजे ती बँक दर भागिले १२ करत नाही, रोजच्या शिलकीवर दर भागिले ३६५ गुणिले दिवस करते. ताईच्या ऑगस्टच्या हप्त्यालाच ही पद्धत लावून बघितली तर ३१ दिवसांचे १८,१५८ येतात, १७,८१६ ऐवजी. एवढा फरक एका महिन्यात पडतो, वर्षभरात बराचसा मिटतो.

IPMT ला दिवस कळत नाहीत, सगळे महिने सारखे धरणं हा त्याचा पायाच आहे. म्हणून काकांच्या स्टेटमेंटसाठी IPMT वापरायचं नाही असं सांगितलं, त्यांना साधा महिनावार तक्ता करून दिला: सुरुवातीची शिल्लक × दर × दिवस ÷ ३६५, हप्त्यातून ते वजा, उरलेलं मुद्दल. तो जुळला. तुम्ही करत असाल तर आधी व्याजाचा कॉलम असाच वाचा, झिगझॅग दिसलं तर IPMT च्या मागे वेळ घालवू नका.

४ ऑक्टोबर २०२५

ताई जुन्या कर पद्धतीत आहे, तिला आर्थिक वर्ष २०२४-२५ चं एकूण व्याज आणि मुद्दल बँकेच्या सर्टिफिकेटशी ताडून बघायचं होतं. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ म्हणजे हप्ता १३ ते २४, सगळे पहिल्याच टप्प्यातले, त्यामुळे बारा वेळा IPMT न लिहिता एकाच फॉर्म्युल्यात होतं:

```
=-CUMIPMT(8.5%/12,240,3000000,13,24,0)
=-CUMPRINC(8.5%/12,240,3000000,13,24,0)
```

व्याज २,४७,४३२, मुद्दल ६४,९८४. इथे एक कटकट: IPMT मध्ये आपण रक्कम वजा देतो, इथे वजा दिली तर #NUM! येतं, रक्कम अधिकच द्यावी लागते आणि वजाचं चिन्ह फॉर्म्युल्याच्या पुढे लावावं लागतं. शेवटचा 0 पण इथे सक्तीचा आहे, सोडून चालत नाही.

सर्टिफिकेटमध्ये मुद्दल चारेक रुपयांनी जास्त आहे, कारण बँक हप्ता ३० पैसे जास्त घेते आणि ते मुद्दलात जातात; व्याज जवळपास तेवढंच. राहत्या घरासाठी कलम २४ ची व्याजाची मर्यादा २ लाख, त्यामुळे व्याज रुपयाभर इकडेतिकडे झालं तरी तिला तसाही फरक पडत नाही. पुढच्या वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ ला, हा एकच फॉर्म्युला चालणार नाही, हप्ता २५, मग २६ ते २८, मग २९ पासून पुढे असे तुकडे करून बेरीज करावी लागेल. टप्प्याच्या सीमेवरून CUMIPMT ओढून नेलं तर ते बिनतक्रार चुकीचं उत्तर देतं.

४ जानेवारी २०२६

रिझर्व्ह बँकेने डिसेंबरमध्ये रेपो पाव टक्का कमी केला, सव्वापाच. ताईच्या कर्जाला १ जानेवारीला रिसेट, दर ७.२५. शीटमध्ये चौथी ओळ टाकली: हप्ता ३५ पासून (१ फेब्रुवारीचा), ७.२५ टक्के, शिल्लक FV ने २८,००,४९४, हप्ता २६,०३५. MATCH आणि INDEX मधल्या सगळ्या रेंज १४ व्या ओळीवरून १५ व्या ओळीपर्यंत वाढवाव्या लागल्या, त्या आपोआप वाढत नाहीत कारण ओळ शेवटी जोडली, मध्ये नाही. तोवर शीट ३५ व्या हप्त्यालाही ७.५ च धरत होती आणि व्याज १७,५०३ दाखवत होती. रेंज वाढवल्यावर १६,९१९.६५ आणि मुद्दल ९,११५.३५.

भाऊजी म्हणाले बोनसचे दोन लाख मार्चमध्ये कर्जात भरतो. त्यालाही हीच पद्धत, दर न बदलता नवीन ओळ: पैसे जमा झाल्यानंतरच्या पहिल्या हप्त्याचा नंबर, दर तोच, शिलकीतून दोन लाख वजा. पैसे महिन्याच्या मध्ये भरले तर त्या एका महिन्याचं व्याज आधीचे दिवस आणि नंतरचे दिवस असं तुटतं आणि तो एक हप्ता IPMT शी जुळणार नाही, म्हणून त्यांना म्हटलं शक्यतो १ तारखेलाच भरा, हप्ता गेल्या गेल्या.